खडकवासल्याला जाऊन या

पावसाळ्यातला रविवार. संध्याकाळचे साडेसहा वाजत आलेले असतात आणि खडकवासल्याच्या चौपाटीवरची कणसं भाजणारी शेगडी अजून विझलेली नसते. धरणाच्या कडेला लावलेल्या दुचाकींची रांग हळूहळू विरळ होते. गाडी नसलेली माणसं मात्र बसथांब्याकडे सरकू लागतात: कॉलेजची पोरं, ओल्या चपला हातात धरलेली मुलं, पिशवीत उरलेल्या शेंगा घेऊन निघालेली आजी. सिंहगड पायथ्याकडून येणारी बस आधीच भरलेली असते. ती थांबेल का, दार उघडेल का, याच्याकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असतात.

या थांब्यावर थोडा वेळ उभं राहिलं की एक गोष्ट लक्षात येते. इथे तिकीट कितीचं आहे, हे कुणीच विचारत नाही. विचारतात ते एवढंच की, अजून बस आहे ना. तिकिटाचा प्रश्न सकाळी, घरातून निघताना, स्वारगेटला विचारून झालेला असतो.

स्वस्त बससेवेसाठी किंमत पुढे ठेवणारं घोषवाक्य लिहायचं, पण सेवा हलकी किंवा बेभरवशाची वाटू द्यायची नाही, या कामातली खरी अडचण या थांब्यावरच समजते. घोषवाक्य वाचलं जातं सकाळी. त्याची परीक्षा होते संध्याकाळी.

पाच रुपये, पाच किलोमीटर, पाच मिनिटं

पुण्याला या बाबतीत ताजा आणि चांगला अनुभव आहे. पुणे महानगर परिवहन महामंडळ म्हणजे पीएमपीएमएल ही कंपनी २००७ मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र करून झाली. पुणेकर अजूनही तिला ‘पीएमटी’च म्हणतात. या कंपनीने ऑक्टोबर २०२० मध्ये ‘अटल’ बससेवा सुरू केली. टाळेबंदीनंतर रिकाम्या पडलेल्या बसमध्ये माणसं परत आणायची होती. त्यासाठीचं सूत्र पाच या आकड्याभोवती बांधलं होतं: पाच रुपयांत, पाच किलोमीटरपर्यंत, दर पाच मिनिटाला बस.

घोषवाक्य म्हणून हे सूत्र फार चांगलं आहे. एकच आकडा तीनदा येतो, म्हणून लक्षात राहतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे किंमत एकटी पडत नाही. ‘पाच रुपये’ एवढंच लिहिलं असतं, तर वाचणाऱ्याच्या मनात पुढचा प्रश्न आलाच असता, की एवढ्यात मिळणार तरी काय. आपल्याकडे ‘गूळ घालावा तेवढं गोड’ असं म्हणतात. कमी गूळ म्हटलं की कमी गोडी गृहीतच धरली जाते. इथे किमतीला लागूनच किती अंतर आणि किती वाट पाहायची हे सांगितलेलं आहे, त्यामुळे कमी किंमत ही कमतरता वाटत नाही. ती एका मोजक्या, आखीव सेवेची किंमत वाटते.

त्यानंतर जुलै २०२१ मध्ये आलेली योजना अधिक धीट होती. शहराच्या मध्यभागात लहान वातानुकूलित बस, आणि १० रुपयांत दिवसभर कितीही वेळा प्रवास. तिचं नाव ‘पुण्यदशम’. या नावात पुणे आहे, पुण्य आहे आणि दहाचा आकडाही आहे; पण तो ‘दशम’ या संस्कृत रूपात येतो, जसा तो श्लोकात किंवा तिथीत येतो. त्याच योजनेचं दुसरं, लोकांच्या तोंडी बसेल असं रूप होतं ‘दस में बस’. दोन्हींत किंमत तीच, पण दोन्ही वाचून मनात वेगवेगळी बस उभी राहते. ‘दस में बस’ ऐकलं की बाजारातली आरोळी आठवते. ‘पुण्यदशम’ म्हटलं की ज्याला नाव ठेवायची काळजी कुणीतरी घेतली आहे, असं काहीतरी वाटतं. मराठी वाचकाला आकडा लपवलेला आवडत नाही, पण तो नीट नेसवून पुढे आणलेला आवडतो. पुण्यदशमने ते साधलं होतं.

‘फक्त’ हा शब्द

मराठीत कमी किमतीसाठी शब्दांची कमी नाही, आणि प्रत्येक शब्दाला आपापला इतिहास आहे.

‘स्वस्त’ हा सगळ्यांत सरळ शब्द. पण त्याच्याशेजारी लगेच ‘धान्य दुकान’ उभं राहतं, रांग उभी राहते. ‘रास्त’ हा फारसीतून आलेला शब्द. त्याचा मूळ अर्थ सरळ, खरा. अर्थाने तो बससाठी अगदी योग्य आहे, पण ‘रास्त भाव’ या जोडीत तोही रेशनच्याच पाटीवर जाऊन बसला आहे. ‘माफक’ अजून स्वच्छ राहिला आहे. रुग्णालयं, वसतिगृहं, मंगल कार्यालयं ‘माफक दरात’ असं लिहितात आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. ‘किफायतशीर’ दुकानदाराचा शब्द आहे. ‘परवडणारं’ हा जाहिरातीत फार येतो, पण कुणाला परवडणारं हा प्रश्न तो उघडा ठेवतो आणि वाचणाऱ्याच्या खिशाकडे बोट दाखवतो.

आणि ‘फक्त’. पाट्यांवर सगळ्यांत जास्त दिसणारा हा शब्द किमतीच्या घोषवाक्यातून सगळ्यांत आधी काढावा लागतो. ‘फक्त १० रुपयांत’ असं लिहिणारा सांगत असतो की हा आकडा लहान आहे, हे तुमच्या लक्षात आलं नसेल. मुळात दहा रुपये लहान आहेत, हे वाचणाऱ्याला कळतं. ‘फक्त’ लिहिल्यावर त्याला एवढंच नवं कळतं, की सांगणारा घाईत आहे.

‘पासून’ हाही असाच एक शब्द. ब्रिटनमध्ये स्टेजकोच कंपनीने २००३ मध्ये ‘मेगाबस’ सुरू केली ती ‘एका पौंडापासून’ या बोलीवर. ती बोली खोटी नव्हती. लवकर आरक्षण करणाऱ्यांना काही थोड्या जागा खरोखर पौंडात मिळत, आणि गाडी भरत जाईल तसा दर चढत असे. लांब पल्ल्याच्या, आरक्षणाच्या गाडीला हे जमतं. शहर बसचा दर कुणीही, कधीही चढलं तरी तोच असतो. तिथे ‘पासून’ लिहिलं की नसलेली शंका पैदा होते: आपल्याला वेगळा दर लागेल की काय?

एसटीने हा पेच वेगळ्या रीतीने सोडवला. १९८८ पासून चाललेल्या तिच्या ठरावीक दिवसांच्या पासाचं नाव ‘आवडेल तेथे प्रवास’. नावात किंमत नाही, सवलत नाही. पास घेतल्यावर माणूस काय करू शकतो, तेवढंच आहे. १७ मार्च २०२३ पासून बायकांना सगळ्या एसटी गाड्यांत निम्मं तिकीट झालं, त्या योजनेचं नाव ‘महिला सन्मान’. गाडीत बसलेल्या बायका ‘अर्धं तिकीट’च म्हणतात, आणि ते बरोबरही आहे, कारण वाहकाला तेच सांगायचं असतं. पण पाटीवर ‘सन्मान’ आहे. निम्मे पैसे देणारी बाई ही निम्मी प्रवासी नाही, हे त्या एका शब्दाने सांगितलं.

स्वस्त, पण कशापेक्षा

आता खडकवासल्याचंच उदाहरण हिशेबाने पाहू. स्वारगेटपासून धरणापर्यंत अंतर पंधरा-सोळा किलोमीटर. १ जून २०२५ पासून पीएमपीएमएलचे दर वाढले. पहिल्या टप्प्याचं तिकीट ५ वरून १० रुपये झालं आणि पुढे दर पाच किलोमीटरला दहा रुपये वाढू लागले. म्हणजे पंधरा किलोमीटरला ३० आणि त्यापुढच्या टप्प्याला ४०. दोन्ही महापालिकांच्या हद्दीत चालणारा दिवसाचा पास ७० रुपयांचा झाला.

थांबा कोणत्या टप्प्यात पडतो त्याप्रमाणे जाऊन-येऊन ६० किंवा ८० रुपये. एकट्या माणसाला पास घेतला काय आणि सुटी तिकिटं घेतली काय, फार फरक नाही. तिसऱ्यांदा बसमध्ये चढला, म्हणजे कोथरूडहून स्वारगेटला आला आणि तिथून पुढे गेला, की पास फायद्याचा.

रिक्षाशी तुलना केली तर बस फारच स्वस्त. पुण्यात सप्टेंबर २०२२ पासूनच्या दराने पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७. सोळा किलोमीटरला एका बाजूचे २७० रुपयांच्या आसपास होतात. पण खडकवासल्याला रिक्षाने जाणारे थोडे. पुण्याची खरी तुलना दुचाकीशी होते. जाऊन-येऊन बत्तीस किलोमीटर, गाडी लिटरला पंचेचाळीस देत असेल आणि पेट्रोल सुमारे १०४ रुपये धरलं, तर पंचाहत्तर रुपयांत काम होतं. त्या दुचाकीवर दोघं बसतात. बसने त्या दोघांना १२० ते १६० लागतात.

या हिशेबाकडे घोषवाक्य लिहिणाऱ्याने डोळेझाक करून चालत नाही. नवरा-बायको थांब्यावरची ‘सर्वांत स्वस्त प्रवास’ ही पाटी वाचतील, मनातल्या मनात हिशेब करतील आणि पाटीवरचा बाकीचा मजकूरही खोटा ठरवतील. स्वस्ताईचा दावा टाळायचा तो केवळ शोभेसाठी नाही. या रस्त्यावर दुचाकीवर दोघं जाणाऱ्यांसाठी तो खराच नाही.

मग सत्तर रुपयांत विकलं काय जातं? पावसात न भिजता जाणं. चौपाटीवर गाडी लावायला जागा न शोधणं. सिंहगड रस्त्यावर दोन तास क्लच दाबून न बसणं. ज्याच्याकडे दुचाकी नाही किंवा चालवता येत नाही, त्याला कुणाच्या मागे बसून न जावं लागणं. आणि दिवसभरात कुठेही उतरून पुन्हा चढण्याची मोकळीक. हे सगळं दुचाकीच्या पेट्रोलमध्ये येत नाही.

दोन बस एकामागोमाग

किमतीची पाटी बेभरवशाची वाटू लागते ती शब्दांमुळे कमी आणि रस्त्यावर जे घडतं त्यामुळे जास्त. सिंहगड रस्त्यावर राजाराम पुलापासून पुढे वाहतूक अडायची हे पुण्यातल्या प्रत्येकाला ठाऊक. २०२४ आणि २०२५ मध्ये उड्डाणपुलाचे टप्पे एकेक करून खुले झाले आणि काही चौक हलके झाले. तरी बस अडकण्याची पद्धत सगळीकडे सारखीच असते, आणि ती समजून घेण्यासारखी आहे.

समजा दर दहा मिनिटाला बस आहे. एक बस सिग्नलला चार मिनिटं अडकली. पुढच्या थांब्यावर आता दहाऐवजी चौदा मिनिटांचे प्रवासी जमले. त्यांना चढायला जास्त वेळ लागला, वाहकाला सुटे पैसे द्यायला जास्त वेळ लागला, बस आणखी मागे पडली. तिच्या मागच्या बससाठी थांब्यावर सहाच मिनिटांचे प्रवासी उरले. ती भराभर सुटली आणि पुढचीला गाठू लागली. दहाएक थांब्यांनंतर दोन्ही एकामागोमाग धावतात. पुढची खच्चून भरलेली, मागची जवळजवळ रिकामी. मग वीस मिनिटं काहीच नाही.

कागदावर तासाला सहा बस आहेत आणि त्या सहाही धावल्या. पण नेमाने दहा मिनिटांनी येणाऱ्या बसची सरासरी पाच मिनिटं वाट पाहावी लागते. जोडीने येणाऱ्या त्याच सहा बससाठी ती दहा मिनिटं होते. ‘दर दहा मिनिटाला’ ही पाटी तक्त्यात खरी असते, थांब्यावर खोटी. ‘पाच रुपये, पाच मिनिटं’ या सूत्रातला सगळ्यांत नाजूक सांधा हाच होता. रुपये कंपनीच्या हातात असतात, मिनिटं रस्त्याच्या हातात.

हे ओळखायची सोपी खूण थांब्यावरच मिळते. पुढची बस दारापर्यंत भरलेली आणि मागची मोकळी, असं रोज दिसत असेल, तर त्या मार्गाच्या पाटीवर ‘किती मिनिटाला’ लिहू नये. त्याऐवजी कंपनीला पाळता येईल अशी वेळ लिहावी. पहिली बस आणि शेवटची बस यांच्या वेळा डेपोच्या हातात असतात. बाकी फेऱ्यांसाठी २०२४ मध्ये आलेलं पीएमपीएमएलचं ॲप आहे. त्यात बस कुठे आली ते दिसतं, आणि दिसणारी बस उशिरा आली तरी माणूस कमी वैतागतो.

मुंबईच्या बेस्टने ९ जुलै २०१९ ला दर उतरवले. पाच किलोमीटरला ५ रुपये, दहाला १०, पंधराला १५, त्यापुढे २०. लहान मूलही पाठ करेल असं कोष्टक. सतरा-अठरा लाखांवर आलेले रोजचे प्रवासी काही महिन्यांत तीस लाखांच्या पलीकडे गेले. म्हणजे सरळ सांगितलेली किंमत माणसं आणते, याचा याहून मोठा दाखला महाराष्ट्रात नाही. पण पुढच्या वर्षांत बेस्टच्या स्वतःच्या बस कमी होत गेल्या, थांब्यांवरच्या रांगा लांबल्या, आणि मे २०२५ मध्ये किमान भाडं १० रुपये झालं. पाच रुपयांनी जमवलेली गर्दी वाहून न्यायला पाच रुपये पुरत नाहीत. बसची संख्या त्याच वेगाने वाढावी लागते.

गडावर गेलेली बस

खडकवासल्याच्या पुढे, डोणजे-गोळेवाडीच्या वर, याचं एक छोटं आणि बोलकं उदाहरण घडलं. मे २०२२ मध्ये सिंहगडावर खाजगी गाड्या बंद करून पीएमपीएमएलच्या इलेक्ट्रिक बस सुरू झाल्या. कल्पना उत्तम होती. घाटातली कोंडी संपणार, धूर संपणार, कोणालाही तिकीट काढून गडावर जाता येणार. पण सुट्टीच्या दिवशी गडावर हजारो माणसं चढतात आणि सगळी साधारण एकाच वेळी उतरू पाहतात. अवघड वळणं, चार्जिंगची अडचण, वर अडकलेली गर्दी. पंधरवड्याभरातच सेवा थांबवावी लागली आणि खाजगी गाड्या पुन्हा वर जाऊ लागल्या.

तिकिटाबद्दल लोकांची फारशी तक्रार नव्हती. पिठलं-भाकरी खाऊन झाल्यावर ऊन उतरतं तेव्हा खाली नेणारी बस मिळत नाही, ही तक्रार होती. जायची बस कशीही मिळते, कारण माणसं सकाळभर थोडी थोडी येत राहतात. परतीची गर्दी एकदम होते. सहलीच्या ठिकाणच्या प्रत्येक बससेवेचा कस इथे लागतो.

या भागात अजूनही वडाप चालतं. वडापच्या जीपवर घोषवाक्य नसतं, वेळापत्रक नसतं, आणि सगळ्या जागा भरल्याशिवाय ती हलत नाही. तरी लोक तिच्यावर विसंबतात, कारण अंधार पडल्यावरही जीपवाला थांबलेला असतो. एसटीच्या मुक्कामी गाडीचंही तसंच. रात्री गावात येऊन उभी राहिलेली लाल गाडी सकाळी सुटणार, हे गावाला सांगावं लागत नाही. ती समोर दिसत असते.

पाटी लिहायला घेतली तर

समजा खडकवासल्याच्या बससाठी स्वारगेटला एक पाटी लिहायची आहे. ७० रुपयांचा दिवसाचा पास विकायचा आहे. पहिल्यांदा हातून जे उतरतं ते साधारण असं असतं: ‘फक्त ७० रुपयांत दिवसभर मनसोक्त फिरा!’ ‘फक्त’ जातो, उद्गारचिन्ह जातं, आणि ‘मनसोक्त’ही जातो, कारण तो सहल कंपनीच्या पत्रकातला शब्द आहे. उरतं ‘७० रुपयांत दिवसभर’. बरं आहे, पण कोरडं.

दुसरा प्रयत्न: ‘अख्खा दिवस, अख्खं पुणे. ७० रुपये.’ हे कानाला फार चांगलं लागतं. विशेषण एकच, तेही मापाचं. किंमत शेवटी, कुठलीही मखलाशी न करता. पण इथे एक खड्डा आहे, आणि तो पाटी लिहिणाऱ्याला शहरात बसून दिसत नाही. हा पास महापालिकांच्या हद्दीपुरता आहे. खडकवासला गाव २०२१ मध्ये तेवीस गावांपैकी एक म्हणून पुणे महापालिकेत आलं. पुढची गोऱ्हे, डोणजे, गोळेवाडी आली नाहीत. पीएमआरडीएच्या क्षेत्रात कुठेही चालणारा पास वेगळा, १५० रुपयांचा. पुणेकराच्या मनात मात्र सिंहगड हे ‘अख्ख्या पुण्यात’च मोडतं, किंबहुना आधी सिंहगड आणि मग बाकीचं. तो ५० नंबरच्या बसमध्ये बसतो, पास दाखवतो, आणि धरण ओलांडल्यावर वाहक पुढचं तिकीट मागतो. रक्कम दहा-वीस रुपयांची असते. भांडण त्या रकमेचं नसतं. ‘अख्खं’ म्हणाला होतात ना, हे भांडण असतं, आणि ते पाटी लिहिणाऱ्याऐवजी वाहकाला ऐकून घ्यावं लागतं.

म्हणून ठिकाणाचं नाव घ्यायला हवं. नाव घेतलं की हद्द आपोआप सांगितली जाते. आणि क्रियापदाचा विचार करायला हवा. मराठी घरातून निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. निरोप देणारी आईही ‘जाऊन ये’ म्हणते. त्या दोन शब्दांत परत येण्याची खात्री आधीच धरलेली असते. चौपाटीवरच्या थांब्यावर संध्याकाळी साडेसहाला जे विचारलं जातं, त्याचं उत्तर याच क्रियापदात आहे.

‘खडकवासल्याला जाऊन या. दिवसभराचा पास ७० रुपये.’ त्याखाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत: ‘परतीची शेवटची बस रात्री अमुक वाजता’.

अमुकच्या जागी कोणता आकडा येईल, ते डेपोने ठरवायचं. रविवारी तो वेगळा लागेल, गणपतीत वेगळा, कोजागरीला अजून वेगळा. ती वेळ पाळायची तर शेवटच्या बसच्या मागे आणखी एक मोकळी बस तयार ठेवावी लागेल, म्हणजे भरलेली बस थांबा टाळून पुढे गेली तरी उरलेल्यांना घेता येईल. तिचा खर्च त्या ७० रुपयांत बसत नाही. पीएमपीएमएलची तूट पुणे महापालिका साठ टक्के आणि पिंपरी-चिंचवड महापालिका चाळीस टक्के भरून काढते, त्यातच हीही फेरी मोजावी लागेल. पाटी रंगवायच्या आधी ती फेरी वेळापत्रकात चढली आहे का, एवढं डेपोत विचारून घ्यायला हवं.

चौपाटीवर अंधार पडतो. कणसंवाली राखेवर पाणी टाकते. सिंहगड पायथ्याकडून दोन दिवे येताना दिसतात आणि थांब्यावरची आजी शेंगांची पिशवी उचलून उभी राहते. ते दिवे टेम्पोचे निघतात. ती पुन्हा बसते आणि शेजारच्या मुलाला मोबाइलमध्ये बघायला सांगते.